तीन दिवस प्लेटांचे, टेकूंचे नव्हेत

“कोडमध्येच स्लॅबला तीन दिवस लिहिलेत. त्रेपन्न ग्रेडचं सिमेंट असेल तर चौथ्या दिवशी टेकू काढायचे, वरच्या मजल्याला लावायचे. भीती वाटली तर मधोमध एक-दोन परत ठोकून ठेवायचे. आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, एकही स्लॅब पडला नाही.”

हा मजकूर सध्या सेंट्रिंगवाल्यांच्या मोबाइलवर फिरतोय. दापोलीतल्या आमच्या साइटवर आज कामाला हात लावण्याआधी टूलबॉक्स टॉकमध्ये गँगने तोच दाखवला. त्यांना जे सांगितलं, ते लिहून काढतोय.

दादा, कोडचं नाव घेतलंय तर ती ओळ पूर्ण वाचू. काँक्रीट बांधकामाचा भारतीय कोड आयएस ४५६:२०००, त्याच्या कलम ११.३ मध्ये तीन दिवस आहेत, पण ते ओलं काँक्रीट धरणाऱ्या स्लॅबखालच्या प्लेटांचे. शिवाय त्याच ओळीत अट आहे की प्लेट निघाल्याबरोबर टेकू लगेच परत लागले पाहिजेत. टेकू कधी काढायचे याच्या ओळी वेगळ्या आहेत. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ४.५ मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. बीमखालचे टेकू ६ मीटरच्या गाळ्यापर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. म्हणजे २ मे रोजी स्लॅब टाकला, तर चार मीटरच्या खोलीतले टेकू ९ तारखेच्या आत हलत नाहीत, आणि पाच मीटरच्या हॉलमधले १६ च्या आत नाहीत. हे आकडेही साध्या ओपीसी सिमेंटचे, तापमान १५ अंशांच्या खाली न जाणारं आणि पाणी नीट मारलेलं, असं धरून दिलेत. मे महिन्यात आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही. पाणी मारण्याचा मात्र आहे, कारण विहिरी तेव्हाच तळाला जातात.

त्रेपन्न हा आकडा तुमच्या स्लॅबचा नाही. सिमेंट आणि प्रमाणित वाळूचा ठोकळा प्रयोगशाळेत २८ दिवस पाण्यात ठेवून दाबला, की त्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला किमान ५३ न्यूटन भरली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही मिक्सरमध्ये किती पाणी ओतलं, वाळू किती ओली होती, हे गोणीला माहीत नसतं. आणि गोणी एकदा नीट बघा. पीपीसी लिहिलं असेल तर ते सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं. पुढे चांगलं भरतं, पण पहिल्या आठवड्यात मागे असतं. म्हणून पीपीसीला कोड पाणीही जास्त दिवस मारायला सांगतो, किमान १० दिवस, आणि टेकूंचे दिवस इंजिनिअरने वाढवायचे असतात. चौथा दिवस तिथे कुठेच बसत नाही.

आता खरा घोळ. काढलेले टेकू वरच्या मजल्याला लावायचे, म्हणजे वरच्या स्लॅबचं ओझं कोणावर येणार? याच स्लॅबवर. हिशेब करू. पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण ३१० किलो भरतो. खालचा स्लॅब डिझाइन करताना स्वतःच्या वजनाशिवाय फरशीचे १०० आणि घरातल्या वापराचे २०० किलो धरतात. एकूण ३००, आणि तेही ताकद पूर्ण भरल्यावर. वरचा स्लॅब टाकायच्या दिवशी मात्र त्याच चौरस मीटरवर ओल्या काँक्रीटचे ३१०, प्लेटा-बल्ल्या-टेकूंचे ५० आणि माणसं, व्हायब्रेटर, एका जागी ओतलेला ढीग यांचे निदान १५० धरावे लागतात. झाले ५१० किलो. पूर्ण भरलेल्या स्लॅबलाही हे झेपण्याच्या हिशेबाबाहेर आहे, मग दोन आठवड्यांच्या स्लॅबचं काय घेऊन बसलात? बीमचं वजन तर अजून धरलेलंच नाही.

म्हणून कोडचे ७ किंवा १४ दिवस भरले, तरी वर स्लॅब पडायचा असेल तर खालचे टेकू राहतात. कोडही तेच म्हणतो: ठेवलेल्या टेकूंनी स्लॅबचं पूर्ण वजन आणि पुढच्या कामात येणारं ओझं सुरक्षितपणे पेललं पाहिजे. वरचा टेकू खालच्या टेकूच्या डोक्यावर ओळंब्यात यायला हवा, आणि तळमजल्यावरच्या टेकूखाली जाड फळी हवी. नव्या भरावावर चिऱ्याचा तुकडा सारून उभा केलेला टेकू एका वळवाच्या सरीत खचतो. तो दिसायला उभा असतो, ओझं मात्र घेत नाही.

मधोमध परत ठोकण्याची युक्ती तर काही न ठोकण्याहून वाईट ठरू शकते. सगळे टेकू काढले त्या क्षणी कोवळ्या स्लॅबने स्वतःचं वजन अंगावर घेतलं आणि तो जेवढा वाकायचा तेवढा वाकला. मग जॅक आवळून तुम्ही त्याला मधून वर ढकलता. गाळ्याच्या मध्यावर मुख्य सळी खालच्या अंगाला असते, वरच्या अंगाला सहसा नसते. तिथे वरून चीर जाते, आणि पुढे तिच्यावर फरशी बसते, त्यामुळे ती कोणाला दिसतही नाही. काही टेकू पहिल्या दिवसापासून न हलवता ठेवणं आणि काढून परत लावणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

राहिलं पडण्याचं. स्लॅब पडला नाही याचं कारण डिझाइनमध्ये जास्तीची ताकद ठेवलेली असते. ती चुकीच्या दिवसांसाठी नसते. आणि न पडलेला स्लॅब धड असतोच असं नाही. कोवळं काँक्रीट ओझ्याखाली पुढे वर्षानुवर्षं वाकत राहतं. आयएस ४५६ नुसार सातव्या दिवशी ओझं आलं तर काँक्रीटचं हे सावकाश दबणं पहिल्या दबण्याच्या २.२ पट धरायचं, अठ्ठाविसाव्या दिवशी आलं तर १.६ पट. गच्चीच्या मध्यावर पाणी साचतं, खाली बारीक चिरा पडतात. इथे समुद्राची खारी हवा त्या चिरांतून सळीपर्यंत जाते, सळी गंजून फुगते आणि तिच्यावरचं काँक्रीटचं कव्हर सुटतं. घरमालक मग वाळूला दोष देतो.

प्लेटा अडकून पडतात आणि भाडं चढतं, ही तुमची अडचण खरी आहे. त्याचा उपाय सेंट्रिंग लावतानाच करायचा. ठरावीक अंतरावर एकेका पट्टीखाली स्वतंत्र टेकू द्या, म्हणजे तिसऱ्या दिवसानंतर मधल्या प्लेटा निघतील आणि ते टेकू जागचे हलणार नाहीत. किती पट्ट्या आणि कुठे, ते ड्रॉइंगवर मी आखून देतो.

टेकू काढायचा दिवस आला की साध्या गाळ्यात मध्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंच्या बीमकडे जायचं. गॅलरी आणि छज्जाला उलट, मोकळ्या टोकापासून भिंतीकडे, कारण तिथे सळी वरच्या अंगाला असते. जॅक हातोड्याने उडवायचा नाही, अर्धा फेरा ढिला करून थांबायचं. टेकू मोकळा झाला तर ठीक. ढिला करूनही तो पुन्हा घट्ट लागला, तर स्लॅब त्याच्या मागोमाग खाली येतोय. तिथेच थांबा, फक्त टेकेल इतकाच जॅक परत फिरवा, स्लॅबखालून बाजूला व्हा आणि मला बोलवा.