टणटणी काढल्याने जंगल सुधारतं का? आणि ‘निकष नंतर ठरवू’ला उत्तर

“सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा प्रोटोकॉल म्हणजे कागदी सोपस्कार. गूगल स्कॉलरवर दोन-तीन शब्द टाका, पहिले दोनशे पेपर चाळा, निकष वाचता वाचता ठरतात. चांगल्या जर्नलमधलेच पेपर घेतले की बायस तपासायची गरज नाही.”

असं म्हणणारे भेटतात. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, तपासून एकत्र मांडणं; ते कसं करणार हे आधीच लिहून ठेवायचं, तो प्रोटोकॉल. त्याची गरज का, हे एक प्रश्न धरून बोलू: भारतातल्या जंगलांत टणटणी (घाणेरी) काढल्यावर स्थानिक झाडांची रोपं वाढतात का?

आधी निकष, म्हणजे कोणते अभ्यास घ्यायचे आणि कोणते नाहीत, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. या विषयावर तीन तऱ्हेचे अभ्यास हाती येतात. काहींमध्ये टणटणी काढलेल्या तुकड्यांची तुलना तशाच, पण न काढलेल्या तुकड्यांशी केलेली असते. काहींमध्ये एकाच जागेची आधीची आणि नंतरची मोजणी असते. तिसऱ्या तऱ्हेत टणटणी माजलेलं जंगल आणि ती मुळातच नसलेलं जंगल शेजारी शेजारी मोजतात. या तिसऱ्या तऱ्हेत काढणं घडलेलंच नाही. जिथे टणटणी नाही तिथे सावली दाट असेल, गुरं कमी येत असतील, वणवा लागत नसेल; मग रोपांतला फरक टणटणीचा म्हणायचा की जंगलाच्या मूळ अवस्थेचा? दुसऱ्या तऱ्हेत पाऊस आडवा येतो. पहिलं वर्ष कोरडं आणि दुसरं चांगलं गेलं, तर काहीही न काढता रोपं वाढलेली दिसतील. म्हणून प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहायचं: न काढलेला तुकडा तुलनेला हवाच, नुसते आधी-नंतरचे अभ्यास वेगळ्या गटात, तिसरी तऱ्हा बाहेर. हे आकडे पाहिल्यावर ठरवलं, तर आपल्या मताशी जुळणारा अभ्यास आत येतो आणि न जुळणाऱ्यात खोट सापडते.

कालावधीचंही तसंच. झुडूप काढलं की जमिनीवर ऊन येतं आणि पुढच्या पावसाळ्यात रोपं उगवतात. पण टणटणीही बुडख्यातून फुटते, मातीतल्या बियांतून उगवते. एका पावसाळ्याची मोजणी आणि तीन वर्षांनंतरची मोजणी एकत्र मिसळायची नाही, हे आधीच ठरवावं लागतं.

आता शोध. वेब ऑफ सायन्स या संशोधन-लेखांच्या डेटाबेससाठी मी शोधाची स्ट्रिंग सुरुवातीला अशी लिहीन:

```
TS=(lantana AND (remov* OR eradicat* OR uproot*
 OR manag* OR restor* OR "cut rootstock"
 OR "cut root stock") AND (forest* OR woodland*
 OR sanctuar* OR "tiger reserve*"))
```

`TS` म्हणजे शीर्षक, सारांश आणि कीवर्डमध्ये शोध; `*` म्हणजे पुढे कुठलीही अक्षरं चालतील. यात `cut*` मुद्दाम नाही. तो टाकला की `cutaneous` आणि `cuticle` असलेले पेपरही येतात, कारण टणटणी खाल्लेल्या गुरांची कातडी उन्हाने सोलते आणि टणटणीच्या अर्कावरही बरंच संशोधन झालं आहे. पण दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांच्या गटाने मांडलेली, मुळाचा फुटवा येणारा भाग जमिनीखालून तोडून झुडूप उलटं ठेवण्याची पद्धत सुटायला नको, म्हणून ती पूर्ण शब्दसमूहात, दोन्ही स्पेलिंगांनी. रोपं किंवा प्रजातींची संख्या यांचे शब्दही नाहीत. कित्येकदा ती मोजलेली असतात, पण सारांशात त्यांचा उल्लेखच नसतो.

मग तपासणी. जाणकारांकडून आणि जुन्या रिव्ह्यूंमधून नक्की हवेत असे, समजा, १५ पेपर आधी काढून ठेवायचे. स्ट्रिंगने त्यातले १२ आणले, तर राहिलेले तीन उघडून बघायचे. एखाद्यात `forest` ऐवजी `scrub` असेल, तर तो शब्द घालून पुन्हा चालवायचं. पेपर त्या डेटाबेसमध्येच नसेल, तर दोष स्ट्रिंगचा नाही, दुसरा डेटाबेस हवा.

गूगल स्कॉलर पूरक म्हणून ठीक आहे. तो एका शोधाचे हजारच निकाल दाखवतो, आणि त्यांचा क्रम कसा लागतो हे आपल्याला तपासता येत नाही. किती निकाल चाळणार हा आकडा प्रोटोकॉलमध्ये लिहा. सोबत शोधगंगावरचे प्रबंध आणि वन विभागाचे अहवाल शोधा. काढूनही फरक पडला नाही अशा नोंदी छापून येण्याची शक्यता कमी असते.

बायस म्हणजे निकाल एका बाजूला झुकवणारा दोष. जर्नलच्या नावाने तो कळत नाही, तो प्लॉटच्या मांडणीत असतो. टणटणी काढलेला एकच मोठा तुकडा, न काढलेलाही एकच, आणि दोन्हींत मोजणीचे वीस-वीस चौकोन, अशी मांडणी नामांकित जर्नलमध्येही सापडते. तिथे नमुने वीस नाहीत, एकेकच आहे. चौकोनांतला फरक त्या दोन जागांचा असू शकतो. परिसंस्थांचा अभ्यासक स्टुअर्ट हर्लबर्टने १९८४ साली हीच चूक दाखवून दिली. म्हणून प्रत्येक अभ्यासाला ठरलेले प्रश्न विचारायचे: स्वतंत्र तुकडे किती? ते कुणी, कसे निवडले? रस्त्यालगतचे सोयीचे तेवढेच घेतले का? काढण्यापूर्वी दोन्ही बाजू सारख्या होत्या का? दोघांनी स्वतंत्रपणे उत्तरं द्यायची, आणि स्वतःच्या पेपरवर कुणी निर्णय द्यायचा नाही.

वाचता वाचता निकष बदलावासा वाटतो, हे मात्र खरं आहे, आणि प्रोटोकॉल त्याला आडकाठी करत नाही. काय बदललं, केव्हा आणि का, हे अंतिम रिव्ह्यूत नोंदवायचं. पर्यावरणविषयक प्रोटोकॉलची नोंद ‘प्रोसीड’ या ऑनलाइन नोंदवहीत करता येते, त्यामुळे मूळ निकष आणि बदललेला निकष वाचकाला समोरासमोर ठेवून बघता येतात.