मोडी ही लिपी, भाषा नव्हे

"आजोबांच्या जमिनीच्या कागदांवर मोडी भाषा आहे. मग आमचे वेंगुर्ल्याचे पूर्वज मराठी बोलत नव्हते का?"

बोलत होते, आणि तो कागदही मराठीच आहे. मोडी ही लिपी. जाणकाराला एक ओळ मोठ्याने वाचायला सांगा, 'मौजे', 'सदरहू', 'बिन' असे शब्द लगेच कानावर येतील. आमच्या घरचा कागद वाचून घेतला तेव्हा आईला अर्थ सांगावा लागला नाही. अडतं ते डोळ्यांना: आधी ओळभर शिरोरेघ, मग हात न उचलता लिहिलेली अक्षरं, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नाहीच.

उलटी चूकही होते. देवनागरी दिसली की लोक मराठी समजतात. 'मी घरी जातो', मालवणी 'मी घराक जातंय', गोव्याची कोंकणी 'हांव घरा वतां', तिन्ही देवनागरीतच आहेत. तीच कोंकणी गोव्यात रोमीत आणि मंगळुरात कन्नड लिपीतही लिहितात, तरी ती कोंकणीच राहते.

'कोकणी' या शब्दाने गोंधळ वाढतो. रत्नागिरीचा माणूस 'मी कोकणी' म्हणतो तेव्हा तो प्रांत सांगतो, भाषा नव्हे. कागद कुणाला दाखवताना 'मोडी लिपीतला मराठी कागद' असंच म्हणा, म्हणजे भाषांतरकार न शोधता लिप्यंतर करणारा शोधाल.