पंधरा मिनिटांत गेम अडकण्याचं कारण

"नवा फोन आधी ६० फ्रेम देते, पंधरा मिनिटानं अडकते. जीपीयू कमजोर आहे का?"

नाही भाऊ, जीपीयू म्हणजे गेमची चित्रं काढणारी चिप, ती कमजोर नाही; फोन तापतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं द्यायला एक चित्र १६.७ मिलिसेकंदांत काढावं लागतं. फोनला पंखा नसतो, उष्णता पाठीतून हवेत जाते. आमच्या दारव्ह्याकडं मे महिन्यात टिनाच्या खोलीत हवाच ४४ अंशांची, मग फोनची उष्णता जाणार कुठं? फोन जीपीयूचा वेग उतरवतो, चित्राला २५ मिलिसेकंद लागतात आणि ४० फ्रेमच उरतात.

खात्रीसाठी थ्रीडीमार्क अ‍ॅपमधली Wild Life Stress Test लावा, एकेका मिनिटाच्या २० फेऱ्या होतात. माझ्या फोनवर दुपारी सगळ्यात चांगली फेरी २८०० गुणांची, सगळ्यात वाईट १६८०ची, म्हणजे स्थिरता ६०%. पहाटे अंगणात तोच फोन ८४%वर गेला. खरेदी करताना पहिल्या फेरीपेक्षा हा टक्का बघा, बरं का.

सध्या गेममध्ये फ्रेमची मर्यादा ४० किंवा ४५ ठेवा. वेग वाढवायला व्होल्टेजही चढवावं लागतं, म्हणून वरच्या थोड्या फ्रेमच सगळ्यात जास्त तापवतात. चार्जर लावून तर खेळूच नका, बॅटरीची उष्णता त्यात भर घालते.