चार रकातींत सातशे वर्षं?

"ज्यांच्या आजारपणात नमाजा सुटल्या असतील त्यांनी रमजानच्या शेवटच्या जुम्याला चार रकात कजा-ए-उमरी पढावी, सातशे वर्षांच्या नमाजा माफ होतात. नाही जमलं तर फिद्या द्या. आजारी माणसाला तशीही सूट आहेच. सवाबसाठी पुढे पाठवा."

हा मेसेज चार जणांकडून फिरत अब्बांच्या मोबाइलवर आला. न्यूमोनियातून उठून त्यांना जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तो वाचून ते इतके निवांत झाले की मलाच राग आला.

आधी ते सातशे. कुणाच्या आयुष्यात सातशे वर्षं असतात? काही मेसेजमध्ये तर वाढीव वर्षं आईवडिलांच्या खात्यात जमा होतात असंही लिहिलेलं असतं. हे आजचं खूळ नाही. हिजरी १०१४ मध्ये मक्केत वारलेले हनफी आलिम मुल्ला अली कारी यांनी बनावट हदीसांच्या संग्रहात अशीच, सत्तर वर्षांची हदीस साफ बातिल ठरवली आहे. कारण साधं आहे: एक इबादत कित्येक वर्षांच्या सुटलेल्या नमाजांची जागा घेऊ शकत नाही, यावर उम्मतीचं एकमत आहे. आणि बुखारी-मुस्लिममध्ये हजरत अनस यांची हदीस आहेच: नमाज विसरली तर आठवेल तेव्हा पढा, त्याला याखेरीज दुसरा कफ्फारा नाही. विसरलेल्याला जिथे दुसरी वाट नाही, तिथे जाणूनबुजून सोडलेल्याला चार रकातींची पळवाट कुठून मिळणार?

फिद्याचं थोडक्यात. हनफी फिकहमध्ये नमाजेचा फिद्या माणूस गेल्यावर, त्याच्या वसियतीप्रमाणे, वारशाच्या एक तृतीयांशातून देतात. जिवंत माणसाने पैसे देऊन नमाज उतरत नाही.

आता सूट. इथे मला कुरकुरत का होईना, थोडं मान्य करावं लागतं. हनफी मतानुसार बेशुद्धी पाच नमाजांच्या पलीकडे गेली तर त्या काळातल्या नमाजांची कजा नाही. पाच किंवा कमी सुटल्या तर आहे. पण शुद्धीत असलेल्या आजाऱ्याला ही सवलत नाही. इम्रान बिन हुसैन यांना मूळव्याध होती, त्यांना नबींनी सांगितलं: उभं राहून पढ, नाही जमलं तर बसून, तेही नाही तर कुशीवर. रुकूसाठी मान थोडी झुकवायची, सजद्यासाठी त्याहून जास्त.

अब्बांनी नमाज सोडली ती लघवीच्या पिशवीमुळे. "नळी लावलेली, पाकी कुठली?" म्हणून ते गप्प पडून राहायचे. खरं तर ज्याची लघवी थांबतच नाही तो माजूर, म्हणजे अडचणीमुळे सवलत असलेला. त्याने प्रत्येक वक्तासाठी नवा वजू करायचा, पाणी चालत नसेल तर तयम्मुम, आणि पिशवीसकट पढायची. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निम्मा हिशेब उरलाच नसता.

तर हिशेब. आम्ही कॅलेंडर काढून बसलो. एकूण ७५ दिवस. त्यातले सलग तीन दिवस पूर्ण बेशुद्ध, ते वजा. उरले ७२. दिवसाला पाच फर्ज आणि वित्र, म्हणजे सहा नमाजा, एकूण ४३२. आकडा ऐकून अब्बा पुन्हा मोबाइलकडे बघायला लागले. पण सुन्नतांची कजा नाही, रोजच्या फक्त वीस रकाती: दोन, चार, चार, तीन, चार आणि वित्रच्या तीन. प्रत्येक वक्ताच्या नमाजेला जोडून त्याच वक्ताची एक कजा, इशाला वित्रही. ७२ दिवसांत सगळं फिटतं. सूर्य उगवताना, माथ्यावर असताना आणि मावळताना तेवढी कजा पढायची नाही.

तारीख आठवत नाही म्हणून अडू नये. निय्यत अशी करायची: "माझ्यावर बाकी असलेल्या फजरांपैकी सगळ्यात पहिली फजर." ती पढली की पुढची आपोआप पहिली होते. सहा किंवा जास्त बाकी असल्या की आपसातला क्रम पाळणंही सक्तीचं राहत नाही. आजारात सुटलेली म्हणून बसूनच पढायची असंही नाही. आज उभं राहता येतं तर उभं राहून.

माझी बायको रत्नागिरीची, कोकणी, म्हणजे शाफई. ती लगेच म्हणाली, आमच्यात वित्र सुन्नत, आम्ही पाचच मोजतो. बरोबर आहे, तिच्या हिशेबाने रोज सतरा रकाती. ज्याने त्याने आपला मजहब पाहून मांडावं.

अब्बांनी जुन्या डायरीत सहा रकाने आखलेत. काल रात्री फजरच्या रकान्यात अकरा रेघा होत्या, वित्रच्या दहा. विचारलं तर म्हणाले, "परवा झोप लागली. आज दोन पढतो."