नेट वाढवलं म्हणून लाइव्ह जवळ येत नाही

«लाइव्हवर आंबा विकताना गिऱ्हाइकाला उत्तर अर्धा मिनिट उशिरा जातं, कारण आपल्या कोकणात नेट स्लो. १०० एमबीपीएसचं फायबर घ्या, डिले झिरो. तोवर क्वालिटी ३६० वर आणा, लगेच फरक दिसेल.»

असा सल्ला सर्रास मिळतो. पण कोकणातल्याच देवगडातून, त्याच नेटवर मुंबईला व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ कॉल लावून बघा. बोलणं एका सेकंदाच्या आत पोहोचतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या तारेला दोन मिलिसेकंदही पुरतात. एमबीपीएस म्हणजे नळाची रुंदी. पाणी वाटेत टाकीत साठवून सोडत असतील, तर नळ रुंद करून ते लवकर येणार नाही.

लाइव्हमध्ये अशी टाकी असतेच. प्लॅटफॉर्म व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतो आणि प्रेक्षकाचा प्लेअर मुद्दाम काही तुकडे मागे राहतो, म्हणजे नेट क्षणभर गचकलं तरी चित्र थांबत नाही. तुकड्यांनी व्हिडिओ पाठवायच्या एचएलएस पद्धतीत प्लेअरने निदान तीन तुकडे मागून सुरुवात करावी असा नियम आहे. तुकडा ६ सेकंदांचा असेल तर १८ सेकंद इथेच गेले. त्यात व्हिडिओ दाबून लहान करणं म्हणजे एन्कोडिंग, अपलोड आणि प्लॅटफॉर्मवरची प्रक्रिया मिळवली की पंचवीसच्या आसपास जातं.

यूट्यूबवर ही टाकी लहान करण्याची सोय आहे. लाइव्ह सुरू करण्याआधी Live Control Room मध्ये `Stream latency` बघा. `Normal` ऐवजी `Low` निवडलं तर बहुतेक प्रेक्षकांना १० सेकंदांच्या आत दिसतं, `Ultra low` वर ५ च्या आत. आंबाविक्रीला आम्ही `Low`च घ्यायला सांगू. `Ultra low` मध्ये प्लेअरच्या हाताशी साठा फारच थोडा उरतो. एसटीत बसून मोबाइलवर बघणाऱ्याचं चित्र मग सारखं अडकतं, आणि अडकलेला प्रेक्षक आणखी मागे पडतो.

लाइव्ह पाठवायला ओबीएस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर दुसरी जागा `Keyframe Interval`, म्हणजे दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर. ती २ सेकंद ठेवा. यूट्यूब ४ च्या वर नको म्हणतं. तुकडा अशा पूर्ण चित्रावर, म्हणजे कीफ्रेमवरच सुरू होतो, त्यामुळे दोन कीफ्रेमच्या मधे कापता येत नाही. सर्व्हिस `Custom` ठेवून हा आकडा ० म्हणजे ऑटो राहिला, तर x264 या एन्कोडरमध्ये २५० फ्रेमपर्यंत कीफ्रेम येईलच असं नाही. ३० एफपीएसला ते आठ सेकंदांहून जास्त झालं. `Settings > Advanced` मधला `Stream Delay` बंद आहे ना, तेही एकदा पाहा.

क्वालिटी ३६० केल्याने तुकडा लहान होत नाही, फक्त हलका होतो. हापूसच्या सालीवरचा डाग दिसेनासा होतो आणि उशीर तेवढाच राहतो. एक अपवाद मात्र आहे: तुमचा अपलोडच तुंबला असेल तर. स्पीडटेस्टमधला डाउनलोडचा आकडा सोडा, अपलोड बघा, आणि तोही ज्या वेळी लाइव्ह करता त्याच वेळी. तो ५ एमबीपीएस असेल तर बिटरेट २५०० केबीपीएस, सीबीआर म्हणजे स्थिर बिटरेट, आणि ७२०पी ठेवा. निम्मी जागा चढउतारासाठी. ओबीएसच्या `Stats` मध्ये `Dropped Frames (Network)` वाढत असेल तर दोष नेटचा. तो शून्यावर असून उशीर आहे, तर दोष टाकीचा.

मोजायची रीत सोपी आहे. सेकंद दाखवणारं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरा आणि दुसऱ्या मोबाइलवर लाइव्ह उघडून दोन्हींचा एकत्र फोटो काढा. वजाबाकी म्हणजे तुमचा उशीर. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून `Stats for nerds` मध्ये `Live Latency` दिसतं, पण ते त्या एका प्रेक्षकाचं. मधेच थांबवून परत सुरू केलेला माणूस मागेच असतो. त्याला `LIVE` बटण दाबायला सांगा.

आता झिरोबद्दल. समजा उशीर २५ सेकंद आहे आणि तुम्ही दर २० सेकंदांना नवी पेटी दाखवता. चौथी पेटी बघून गिऱ्हाईक लगेच «ही केवढ्याला?» लिहितं. टायपिंगला ८ सेकंद, कमेंट पोहोचायला साधारण १. म्हणजे चौथी समोर आल्यापासून ३४ सेकंदांनी प्रश्न तुमच्यापुढे येतो, तेव्हा हातात पाचवी असते. तुम्ही पाचवीचा भाव सांगता, तो त्याला आणखी २५ सेकंदांनी ऐकू येतो, आणि मग भांडण. उशीर ८ वर आणलात तर प्रश्न १७ व्या सेकंदाला येतो, चौथी अजून समोरच असते, आणि उत्तर ८ सेकंदांत पोहोचतं. झिरो लागतच नाही. उशीर आणि टायपिंग मिळून पेटी दाखवण्याच्या वेळेत बसलं की पुरे. तरीही पेट्यांवर मोठ्या अक्षरात नंबर टाका आणि भाव विचारताना नंबर लिहायला सांगा, कारण मागे पडलेला एखादा प्रेक्षक असणारच.