नोव्हेंबर की डिसेंबर

कर्जाबद्दल बोलताना आपण किती आहे ते सांगतो, हप्ता केवढा जातो तेही सांगतो. पण कोणत्या महिन्यात फिटणार, असं विचारलं की समोरचा छताकडे बघतो आणि "होईल दोन-अडीच वर्षांत" म्हणतो. माझा मावसभाऊ त्यातला नव्हता. त्याला महिना हवा होता. मार्च 2022 मध्ये एका रात्री तो वहीचं पान घेऊन माझ्याकडे आला. पानावर एकच ओळ होती आणि तिच्याखाली दोन रेघा: जून 2024.

"दादा, सत्तावीस महिने. मग मी मोकळा."

वय सव्वीस. घरातलं एक आजारपण आणि त्यानंतर स्वतःचा थोडा मूर्खपणा (शब्द त्याचाच) मिळून साडेचार लाखांचं ओझं. त्यात बँकेचं वैयक्तिक कर्ज तीन लाख, वर्षाला 15 टक्क्यांनी. क्रेडिट कार्डावर 90 हजार, महिन्याला 3 टक्के. आणि एका मित्राचे 60 हजार, बिनव्याजी, "जमेल तेव्हा दे" म्हणून दिलेले. पगारातून दरमहा 17 हजार तो फक्त यासाठी बाजूला काढू शकत होता. साडेचार लाखांना सतरा हजारांनी भागलं की साडेसव्वीसच्या आसपास येतं. म्हणून सत्तावीस, म्हणून जून.

हा भागाकार चांगली शिकलेली माणसंही करतात. चूक गणिताची नाहीच, चूक अशी की हप्ता म्हणजे मुद्दल असं धरलं जातं. मी त्याला फक्त बँकेचं कर्ज घेऊन बसवलं. 15 टक्के वर्षाला म्हणजे महिन्याला सव्वा टक्का. तीन लाखांवर पहिल्या महिन्याचं व्याज 3,750. दहा हजारांचा हप्ता भरलास, तर मुद्दलातून गेले 6,250. पुढच्या महिन्यात व्याज थोडं कमी, मुद्दल थोडं जास्त. असं करत हप्त्यातला मुद्दलाचा वाटा वाढत जातो, पण सुरुवातीला तो वाटतो त्याहून कमी असतो. भागाकाराने 30 महिने येणारं हे कर्ज प्रत्यक्षात 38 महिने चालतं. एक्सेलसारख्या शीटमध्ये एका ओळीत कळतं:

```
=NPER(1.25%,-10000,300000)
```

उत्तर 37.83. म्हणजे सदतीस पूर्ण हप्ते आणि अडतिसावा थोडा कमी. तो बराच वेळ त्या .83 कडे बघत होता.

खरी गंमत कार्डात होती. तो दर महिन्याला "किमान देय रक्कम" भरत होता आणि आपण नियमित आहोत याचा त्याला अभिमान होता. त्याच्या कार्डाची किमान रक्कम बिलाच्या 5 टक्के. 90 हजारांवर 2,700 व्याज चढून बिल 92,700 झालं, की किमान रक्कम 4,635. भरली. पुढच्या महिन्यात बिल थोडं कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी. तीही भरली. इथेच मेख आहे. बाकी कमी होते तसा हप्ताही आपोआप आक्रसतो, आणि असं कर्ज गणिताने कधी संपतच नाही, नुसतं झिजत राहतं. उलट, बिलावर काय छापलंय ते न बघता दर महिन्याला ठरवून 4,500 भरले, तर 31 महिन्यांत कार्ड कोरं होतं. किमान रकमेच्या वाटेने गेलं तर त्याच 31 महिन्यांनंतर पंचेचाळीस हजारांहून जास्त बाकी उरते. पहिल्या महिन्यात तर किमानवालाच जास्त पैसे भरत असतो!

माझं ठाम मत आहे की कर्जमुक्तीचा महिना काढायचाच असेल, तर आधी दर महिन्याचा एकूण आकडा गोठवायचा. एक कर्ज संपलं की सुटलेले पैसे खर्चात न जाता पुढच्या कर्जावर गेले पाहिजेत. आकडा हलता असेल तर महिना काढता येत नाही, नुसता अंदाज करता येतो. त्याने सतरा हजार गोठवले आणि कार्ड कात्रीने कापलं. कापणं थोडं नाटकी वाटेल, पण त्याला कारण आहे. कार्डावर मागची बाकी असताना नवी खरेदी केली, तर एरवी मिळणारी बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. मग कुठलंच गणित जुळत नाही.

आता क्रम. सर्वांत महाग कर्ज आधी: बँकेला हप्त्याचे 10 हजार, उरलेले 7 हजार कार्डाला. एप्रिल 2022 पहिला महिना धरला तर कार्ड सतराव्या महिन्यात, म्हणजे ऑगस्ट 2023 मध्ये संपत होतं. मग सगळे सतरा हजार बँकेला, ते कर्ज ऑगस्ट 2024 मध्ये बंद. शेवटी बिनव्याजी मित्र, आणि त्याचे संपता संपता बत्तिसावा महिना: नोव्हेंबर 2024. जूनपासून पाच महिने लांब. त्या पाच महिन्यांत जवळपास 92 हजारांचं व्याज दडलं होतं, आणि ते त्याच्या भागाकारात कुठेच नव्हतं. त्याने जून खोडला, नोव्हेंबर लिहिला आणि पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

पुढची दीड वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पगार, सतरा हजार, चौकोनात बरोबरची खूण.

ऑगस्ट 2023 मध्ये कार्डाचं शेवटचं बिल आलं, 3,425. त्याने भरलं, पेढे वाटायच्या बेतात होता, आणि सप्टेंबरात पुन्हा बिल आलं: 68. तो चिडून माझ्याकडे. हे सगळ्यांचं होतं. बिल निघाल्याची तारीख आणि पैसे भरल्याची तारीख यांच्यामधल्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. बाकी शून्य झाली असं समजून माणूस ॲप काढून टाकतो, ते अडुसष्ट तसेच राहतात, त्यावर व्याज चढत राहतं आणि पतनोंदीत डाग पडू शकतो. म्हणून कार्ड संपलं असं एक कोरं बिल बघितल्याशिवाय म्हणायचं नाही. ते 68 त्याने वरखर्चातून भरले.

पण तो फक्त अडुसष्टसाठी आला नव्हता. खिशातून दुसरा कागद काढला.

"मित्राचे आधी दिले तर काय होतं, ते काढलंय."

मी म्हटलं, बिनव्याजी पैसे सर्वांत शेवटी, हे ठरलंय ना? त्याच्यावर एक पैसा व्याज नाही, तो मागतही नाही.

"मागत नाही, म्हणूनच. त्याचा फोन आला की मी उचलत नाही, दादा. दीड वर्ष. तो इकडचं तिकडचं बोलायलाच करत असेल."

कागदावरचं गणित स्वच्छ होतं. ऑगस्टमध्ये कार्डाचे 3,425 देऊन सातातले उरलेले 3,575 मित्राला. पुढे बँकेला हप्त्याचे दहा हजार चालूच, आणि सुटलेले सात हजार दरमहा मित्राला, आठ महिने. मे 2024 मध्ये मित्राचे शेवटचे 425 जातात आणि त्याच महिन्यापासून बाकी सगळं बँकेवर. बँकेचं कर्ज मग संपतं तेहतिसाव्या महिन्यात. डिसेंबर 2024. जास्तीचं व्याज साधारण 7,600.

एक महिना आणि साडेसात हजार. मला वाटलं होतं फरक मोठा पडेल. पण पडत नाही, कारण तोपर्यंत 3 टक्क्यांचं कार्ड संपलेलं होतं. उरलेल्या कर्जाला महिन्याला सव्वा टक्काच लागत होता, आणि पुढे ढकलले जाणार होते ते साठच हजार, तेही काही महिनेच. हाच क्रम त्याने एप्रिल 2022 मध्ये, कार्ड पेटलेलं असताना लावला असता तर चांगलाच महाग पडला असता. महाग कर्ज आधी हा नियम मी आजही सांगतो, फक्त तो कार्ड संपेपर्यंत जितका कडक असतो तितका त्यानंतर राहत नाही. आणि शीटला एक रकाना नसतो: फोन न उचलण्याचा.

त्याने नोव्हेंबर खोडून डिसेंबर लिहिला. मला न विचारता.

मे 2024 मध्ये तो बँकेत जास्तीचे पैसे भरायला गेला, तेव्हा त्यांनी आपणहून हप्ता कमी करून मुदत तीच ठेवायची तयारी केली. बऱ्याच ठिकाणी असं होतं. हप्ता उतरला म्हणून माणूस खूश होतो आणि शेवटचा महिना जागचा हलत नाही. त्याने मुदत कमी करा असं लेखी दिलं. मुदतीआधी भरण्याचं शुल्क त्याच्या करारात नव्हतं, हे त्याने आधीच वाचून ठेवलं होतं. तुमच्या करारात असेल तर ते गणितात धरा, नाहीतर महिना चुकतो.

डिसेंबरात त्याच्या कागदावर शेवटची रक्कम 5,586 होती, बँकेने सांगितली 5,641. व्याज दिवसांवर मोजतात, म्हणून कर्ज बंद करायच्या दिवशीचा आकडा त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. पंचावन्नचा फरक त्याने हसत भरला आणि बाकी नसल्याचं पत्र हातात पडेपर्यंत काउंटरवरून हलला नाही.

त्याला डिसेंबरबद्दल विचारलं तर फारसं सांगत नाही. सांगतो ते मे महिन्याचं. 425 पाठवले आणि दोन मिनिटांत मित्राचा फोन आला. या वेळी उचलला.

"अरे, हे सव्वाचारशे कसले?"

"शेवटचे."

पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग मित्र म्हणाला, "मी मोजत नव्हतो रे."

"मी मोजत होतो," हा म्हणाला, आणि पुढचा पाऊण तास दोघं भलत्याच विषयावर बोलत बसले.