बुरशीची गोळी सगळ्यांना एकच नसते

> «ल्युकेमिया कुठलाही असो, पहिल्या दिवसापासून पोसाकोनॅझोल सुरू करा. परवडत नसेल तर फ्लुकोनॅझोल द्या, काम एकच. ही बुरशीची गोळी आहे, केमोशी तिचा संबंध नाही. एकदा सुरू केली की अजिबात थांबवू नका.»

मी रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात औषधं तपासून देण्याचं काम करते. हा मजकूर मला गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी मोबाइलवर दाखवला. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असेल, पण यातलं एक वाक्य एखाद्या पेशंटला थेट आयसीयूत नेऊ शकतं. म्हणून आधी तेच घेते.

कुठलाही ल्युकेमिया? नाही. एएमएल आणि एएलएल या दोन्ही तीव्र ल्युकेमियांची केमो वेगळी असते. एएलएलच्या उपचारात व्हिन्क्रिस्टीन हे इंजेक्शन असतं. सुरुवातीच्या महिन्यात ते साधारणपणे आठवड्यातून एकदा शिरेतून देतात. यकृतातलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम त्याचा निचरा करतं, आणि पोसाकोनॅझोल नेमकं तेच एन्झाइम अडवतं. मग व्हिन्क्रिस्टीन शरीरात जास्त वेळ राहतं आणि नसांना इजा करतं.

हे घडतं कसं, ते एका नमुन्यावरून पाहा. एएलएल झालेला १९ वर्षांचा मुलगा आहे. शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशोबाने त्याचा डोस २.४ मिलीग्रॅम येतो, पण कमाल मर्यादेमुळे त्याला २ मिलीग्रॅम देतात. शेजारच्या खाटेवरच्या एएमएलच्या पेशंटकडे पोसाकोनॅझोलची पट्टी उरली होती. ती या मुलाच्या काकांनी घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज तीन गोळ्या सुरू केल्या, डॉक्टरांना न सांगता. आठव्या दिवशी व्हिन्क्रिस्टीनचा दुसरा डोस झाला. दहाव्या दिवशी मुलगा म्हणाला, जबडा दुखतोय, चावता येत नाही. घरच्यांना वाटलं दाढ असेल. शौचाला चार दिवस झालं नव्हतं, त्यावर इसबगोल दिलं. बाराव्या दिवशी पोट फुगून कडक झालं आणि उलट्या सुरू झाल्या. एक्स-रेमध्ये आतडी फुगलेली दिसली. रक्तातलं सोडियम १२० वर आलं होतं, आणि त्या रात्री त्याला फिट आली. पंधराव्या दिवसाचा डोस पुढे ढकलावा लागला, म्हणजे बुरशी टाळायच्या नादात कॅन्सरचा उपचारच चुकला.

जबड्याचं दुखणं, बद्धकोष्ठ, हातापायांना मुंग्या, चालताना पाऊल खाली पडणं, सोडियम घसरणं ही या गडबडीची लक्षणं आहेत. व्हिन्क्रिस्टीन एकटं दिलं तरी यातलं थोडंफार होतं, म्हणूनच लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. जेव्हा ती लवकर आणि एकदम जोरात येतात, तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा: घरून कुठली गोळी चालू आहे का?

«मग इंजेक्शनच्या आदल्या दिवशी गोळी बंद करू» असं काही जण सुचवतात. गणित जमत नाही. पोसाकोनॅझोलच्या गोळ्यांचं प्रमाण रक्तात निम्मं व्हायलाच २६ ते ३१ तास लागतात. सोमवारी बंद केलं तर मंगळवारी अर्ध्याहून जास्त औषध शिल्लक असतं; ते नगण्य व्हायला पाच-सहा दिवस जातात, आणि व्हिन्क्रिस्टीन दर आठवड्याला येतंच. फ्लुकोनॅझोल हेच एन्झाइम कमी जोराने अडवतं, पण अडवतंच. बुरशीचा धोका एएलएललाही असतो, शिवाय त्यात स्टेरॉइडचे मोठे डोस असतात. तिथे गरज पडली तर डॉक्टर बहुधा मायकाफंगिन किंवा कॅस्पोफंगिन देतात. ती या एन्झाइमच्या वाटेत येत नाहीत, मात्र शिरेतूनच द्यावी लागतात.

काम एकच? फ्लुकोनॅझोल कॅन्डिडा नावाच्या यीस्टवर चालतं, तेही सगळ्या जातींवर नाही. हवेतून फुप्फुसात शिरणाऱ्या ॲस्परजिलस या बुरशीवर त्याचा काहीही परिणाम नाही, आणि एएमएलच्या पेशंटला सर्वात जास्त भीती त्याचीच असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत एएमएल आणि एमडीएस या अस्थिमज्जेच्या आजाराचे ६०२ पेशंट होते. पोसाकोनॅझोल घेणाऱ्यांपैकी २ टक्के लोकांना आतवर पसरणारी बुरशी झाली, फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल घेणाऱ्यांपैकी ८ टक्के लोकांना. जगण्याचं प्रमाणही पहिल्या गटात जास्त होतं. तेव्हा एएमएलच्या जोरदार केमोत ही बदली स्वस्तात सुटल्यासारखी वाटते, पण संरक्षण निघून जातं. पैशांची अडचण असेल तर ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, दुकानात परस्पर बदलू नका.

पोसाकोनॅझोलचं पातळ औषध आणि गोळी यांचा डोसही एक नाही. पातळ औषध २०० मिलीग्रॅम दिवसातून तीनदा, तेही स्निग्ध जेवणासोबत. पोटात ॲसिड नसेल तर ते नीट शोषलं जात नाही, आणि आपल्याकडे जवळपास प्रत्येक पेशंट ॲसिड कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलवर असतो. गोळी पहिल्या दिवशी ३०० मिलीग्रॅम दोनदा, नंतर रोज एकदा ३००. ती कुटायची किंवा चावायची नाही. तोंड आलेल्या, जुलाब होणाऱ्या पेशंटमध्ये शंका असेल तर पाच-सात दिवसांनी, पुढच्या डोसच्या आधी, रक्तातलं प्रमाण तपासतात. ते लिटरमागे ०.७ मिलीग्रॅमच्या वर हवं.

पहिल्या दिवसापासून, आणि कधीच न थांबवता? त्याच चाचणीत ज्यांना डाउनोरुबिसिनच्या जातीची केमोची औषधं मिळत होती, त्यांचं बुरशीचं औषध त्या केमोच्या शेवटच्या डोसानंतर २४ तासांनी सुरू केलं होतं. प्रत्येक केमोच्या फेरीसोबत ते पुन्हा सुरू व्हायचं आणि पांढऱ्या पेशी सावरून आजार आटोक्यात आला की थांबायचं, जास्तीत जास्त १२ आठवड्यांपर्यंत. धोका पेशी पडलेल्या असतात तेव्हाचा. गोळी त्या काळासाठी.

केमोशी संबंध नाही? व्हिन्क्रिस्टीन वर आलंच. वयस्कर एएमएल पेशंटला हल्ली ॲझासिटिडिनसोबत व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या देतात, त्यांचा निचराही त्याच एन्झाइमवर आहे. पोसाकोनॅझोलसोबत दिलेल्या अवघ्या ५० मिलीग्रॅम व्हेनेटोक्लॅक्सने रक्तात जितकं औषध साठलं, ते एकट्या ४०० मिलीग्रॅमच्या जवळपास दुप्पट होतं. म्हणून दोन्ही सोबत असतील तर व्हेनेटोक्लॅक्स १०, २०, ५० असं चढवत चौथ्या दिवसापासून ७० मिलीग्रॅमवर ठेवतात. फ्लुकोनॅझोल असेल तर नेहमीचा डोस निदान निम्मा करतात. चिठ्ठीवर ४०० लिहिलेलं दिसलं आणि पेशंट पोसाकोनॅझोलवर असेल, तर गोळी देण्याआधी वॉर्डात फोन करा.

घरची औषधंही सांगा. कोलेस्टेरॉलची ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन पोसाकोनॅझोलसोबत चालत नाहीत, स्नायू झिजतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन उलट पोसाकोनॅझोलच खाली आणतात. उलटीसाठीचं ऑन्डॅनसेट्रॉन सोबत असेल तर हृदयाची लय बिघडू शकते, त्यासाठी ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहतात.

आणि गोळी थांबते तेव्हाही हिशोब पुन्हा करावा लागतो. पोसाकोनॅझोल बंद झालं, पण व्हेनेटोक्लॅक्स ७० वरच राहिलं, तर कॅन्सरवरचा डोस अपुरा पडतो. दोन-तीन दिवसांनी तो पूर्वीच्या पातळीवर न्यायचा असतो. ही तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.